165 वर अडकलेला 180 हर्ट्झचा मॉनिटर

माझा आतेभाऊ कोल्हापुरात कसबा बावड्यात राहतो. एका बुधवारी रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "दादा, नवीन मॉनिटर परत पाठवायचाय. परवा शेवटची तारीख आहे. त्याआधी तू एकदा डोळ्याखालून घालशील काय?"

मॉनिटर 27 इंची, 2560×1440 रिझोल्यूशनचा, खोक्यावर मोठ्या अक्षरात 180 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 180 चित्रं. प्रत्यक्षात विंडोजमधल्या वेगांच्या यादीत 165 च्या वर काही दिसत नव्हतं. त्यानं आठ दिवसांत जमेल ते सगळं करून बघितलं होतं, आणि शेवटी मॉनिटरच सदोष आहे असं ठरवून मोकळा झाला होता. राजारामपुरीत कॉम्प्युटर जुळणी आणि दुरुस्तीचं काम करताना अशी तक्रार माझ्याकडे बऱ्याचदा येते आणि बहुतेक वेळा दहा मिनिटांत निकाल लागतो. या वेळी दोन तास गेले. ते का गेले, ते सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण त्यानं केलेल्या चाचण्या एकेक करून बघितल्या तर बरोबर होत्या आणि तरीही निष्कर्ष चुकला होता.

आधी त्यानं काय काय केलं ते सांगतो.

मॉनिटरसोबत खोक्यात एचडीएमआय केबल आली होती. ती लावली तर यादी 144 वर थांबली. कुणीतरी सांगितलं, डिस्प्लेपोर्ट वापर. त्याचा कॉम्प्युटर खोलीच्या एका कोपऱ्यात, कपाटाशेजारी, टेबल खिडकीपाशी. म्हणून त्यानं पाच मीटरची डिस्प्लेपोर्ट केबल मागवली, भिंतीवर पट्टी मारून आतून नेली. आता यादी 165 पर्यंत गेली, पण 180 नाहीच. मग शंका केबलवर. मित्राकडून त्याची दीड मीटरची केबल आणली, कॉम्प्युटर उचलून टेबलाशेजारी ठेवला, जोडून बघितलं. पुन्हा 165. म्हणजे केबलमध्ये दोष नाही, असं त्यानं मानलं आणि मित्राची केबल परत दिली. दोन दिवसांनी मॉनिटरच्या मेनूमध्ये त्याला डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडायची सोय सापडली. ती 1.2 वर होती, ती 1.4 केली. पुन्हा 165. एकदाच, एका सकाळी, कॉम्प्युटर चालू केल्यावर 180 दिसलं. त्यानं ते निवडलं, पण गेम खेळताना मधूनच दोन-तीन सेकंद स्क्रीन काळी व्हायला लागली. दुसऱ्या दिवशी यादी परत 165 वर. वैतागून त्यानं मॉनिटर फॅक्टरी रिसेट केला, आणि मला फोन केला.

गुरुवारी संध्याकाळी दुकान बंद करून गेलो. सोबत माझी दीड मीटरची खात्रीची डिस्प्लेपोर्ट केबल आणि लिनक्सचा पेन ड्राइव्ह घेतला.

सगळ्यात आधी मी केबलला हातच लावला नाही. विंडोजमध्ये रिझोल्यूशन 1920×1080 केलं आणि Advanced display मध्ये Choose a refresh rate ची यादी उघडली. 180 दिसत होतं. निवडलं, चाललं. पुन्हा 2560×1440 केलं, 180 गायब.

ही एक मिनिटाची चाचणी मी कधीच टाळत नाही. पॅनेल सेकंदाला 180 वेळा चित्र बदलू शकतं हे तिथंच सिद्ध झालं. अडचण पॅनेलपर्यंत चित्र पोचवण्यात होती. रिझोल्यूशन कमी केलं की पाठवायचा माल कमी होतो आणि तोच वेग त्याच वाटेनं बसतो. मॉनिटर परत पाठवायची गरज नाही हे मला तेव्हाच कळलं होतं, पण आतेभावाला पटायला अजून वेळ होता. तो म्हणाला, "पण मला 1080 वर खेळायचंच नाही, दादा." बरोबर आहे. त्यासाठी पैसे त्यानं मोजले नव्हते.

आता वाटेचा हिशोब. हा समजून घेतला की यादी नेमक्या कोणत्या आकड्यावर थांबते यावरून अडवणारा कोण हे बरंचसं ओळखता येतं.

2560×1440 म्हणजे सुमारे 36 लाख 86 हजार पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन रंग, प्रत्येकी 8 बिट, म्हणजे 24 बिट. एका चित्राचे झाले सुमारे 8 कोटी 85 लाख बिट. सेकंदाला 180 चित्रं पाठवायची तर 15.9 गिगाबिट. इथपर्यंत सगळे येतात आणि इथंच फसतात. कारण प्रत्येक ओळीच्या शेवटी आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडा रिकामा वेळ सोडावा लागतो. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत ओळ संपवून परत सुरुवातीला यायचा, त्यासाठी हा वेळ असे. झोत गेला, पण रिकामा वेळ राहिला, फक्त बराच कमी झाला. आजच्या मॉनिटरसाठी जी कमी केलेली वेळमोजणी वापरतात तिच्यात प्रत्येक चित्रामागे किमान 460 मायक्रोसेकंद मोकळे ठेवतात. 60 हर्ट्झला एक चित्र 16.7 मिलिसेकंदांचं असतं, त्यात 460 मायक्रोसेकंद कुठल्या कुठे जातात. 180 हर्ट्झला चित्रच 5.6 मिलिसेकंदांचं. तिथं तेवढाच वेळ आठ टक्क्यांहून जास्त भरतो. वेग वाढवाल तसा हा रिकामा भाग महाग पडत जातो. तो आणि ओळींमधली जागा धरली की 15.9 चे जवळजवळ 17.9 गिगाबिट होतात.

दुसरी कपात वाटेच्या बाजूनं. एचडीएमआय 2.0 ची क्षमता 18 गिगाबिट सांगतात, पण तिथं प्रत्येक 8 बिट माल 10 बिटांच्या पोत्यात भरून जातो, म्हणजे पाचवा हिस्सा बांधणीतच संपतो. मालासाठी उरतात 14.4. डिस्प्लेपोर्ट 1.2 मध्ये तारांच्या चार जोड्या, प्रत्येक 5.4 गिगाबिट, एकूण 21.6; बांधणी वजा जाता 17.28. डिस्प्लेपोर्ट 1.4 मध्ये त्याच चार जोड्या 8.1 गिगाबिटनं चालतात, एकूण 32.4, हाती 25.92.

आता आतेभावाचे आकडे यात बसवून बघा. याच रिझोल्यूशनला 144 हर्ट्झची गरज सुमारे 14.1 गिगाबिट. एचडीएमआय 2.0 च्या 14.4 मध्ये ती कशीबशी बसते, 165 ची 16.3 बसत नाही. म्हणून एचडीएमआयवर यादी 144 ला थांबली. 165 चे 16.3 हे 17.28 मध्ये बसतात, 180 चे 17.9 थोडक्यात बाहेर राहतात. म्हणून डिस्प्लेपोर्टवर 165. म्हणजे केबल डिस्प्लेपोर्टची असली तरी वाट 1.2 च्या वेगानंच चालली होती. हे मी त्याच्या टेबलावर बसून वहीच्या मागच्या पानावर मांडलं, कारण तोंडी सांगून पटत नाही.

एक पुरावा विंडोजमध्येही होता. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये Color Depth 8 bpc होती, म्हणजे प्रत्येक रंगाला 8 बिट. हा मॉनिटर 10 बिट रंग घेतो. 165 ला 10 बिट पाठवायचे तर सुमारे 20.4 गिगाबिट लागतात, ते 17.28 मध्ये मावत नाहीत, म्हणून ड्रायव्हरनं मुकाट्यानं रंगाची खोली 8 वर आणली होती. काही ड्रायव्हर तर हट्टानं वेग दाखवतात आणि रंग 6 बिटांपर्यंत खाली नेतात. मग आकाशासारख्या भागात रंगाचे पट्टे उमटतात आणि माणूस पॅनेलला दोष देतो. म्हणून हर्ट्झचा आकडा बघताना शेजारचा bpc चा आकडाही बघावा.

एचडीएमआयचा मुद्दा तिथंच निकालात काढला. कार्ड एएमडीचं रेडिऑन आरएक्स 6600, त्याचा एचडीएमआय 2.1 चा आहे. आतेभावाचं म्हणणं, मग 2.1 ची महाग केबल घेतली तर? नाही. मॉनिटरच्या बाजूचा एचडीएमआय पोर्ट 2.0 चा आहे, हे त्याच्याच माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलं होतं: एचडीएमआयवर कमाल 144. केबल कितीही भारी घेतली तरी पोर्ट बदलत नाही. जाहिरातीतला 180 हा फक्त डिस्प्लेपोर्टसाठीचा आकडा आहे. खोक्यावर ते लिहीत नाहीत, पुस्तिकेत लिहितात. मॉनिटर घेण्याआधी पुस्तिकेतलं ते एक पान शोधून वाचावं, एवढं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

उरला खरा प्रश्न. डिस्प्लेपोर्टची वाट 5.4 वर का थांबली? मॉनिटर 8.1 मागत नाही, की केबल 8.1 पेलत नाही? विंडोजमधला 165 हा आकडा दोन्ही बाबतींत सारखाच येतो. यादी बघून हे कधीच कळणार नाही, आणि माझ्या भावाचे आठ दिवस इथंच गेले होते.

डिस्प्लेपोर्टची जोडणी कशी ठरते ते थोडक्यात सांगावं लागेल. केबल खोचली की कार्ड आधी मॉनिटरला विचारतं, तुझी कमाल किती? मॉनिटर आपल्या नोंदीतून उत्तर देतो. हा प्रश्न एका वेगळ्या, सावकाश चालणाऱ्या तारेवरून जातो, त्यामुळे केबल सुमार असली तरी उत्तर नीट येतं. मग कार्ड त्या वेगानं ठरावीक नमुने पाठवून बघतं. मॉनिटरला ते नीट वाचता आले नाहीत तर कार्ड विजेचा जोर वाढवतं, कडा जास्त ठळक करून पाठवतं, पुन्हा बघतं. सगळे प्रयत्न थकले की एक पायरी खाली उतरतं, 8.1 वरून 5.4, तिथूनही नाही जमलं तर 2.7. याला लिंक ट्रेनिंग म्हणतात. यात कुठंही पडद्यावर सूचना येत नाही. चित्र अंधुक होत नाही, रंग फिके पडत नाहीत. फक्त यादीतला वरचा आकडा नाहीसा होतो.

म्हणजे दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या: मॉनिटरनं किती सांगितलं, आणि ट्रेनिंगमध्ये किती टिकलं. एएमडीच्या कार्डाचा लिनक्समधला ड्रायव्हर हे दोन्ही आकडे एका फाइलमध्ये एका ओळीत देतो, म्हणून मी पेन ड्राइव्ह नेला होता. त्यावरून कॉम्प्युटर चालू केला, विंडोजला काही धक्का न लावता. एक अडचण आधीच माहीत असावी: बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर ही फाइल उघडायला परवानगी मिळत नाही. ते तात्पुरतं बंद केलं आणि टर्मिनलमध्ये लिहिलं:

```
sudo cat /sys/kernel/debug/dri/0/DP-1/link_settings
```

कार्डाच्या कोणत्या पोर्टला केबल आहे त्यानुसार `DP-1` च्या जागी `DP-2` किंवा `DP-3` येऊ शकतं, आणि दोन ग्राफिक्स चिप असतील तर `0` च्या जागी `1`. उत्तरात चार शब्द येतात: `Current`, `Verified`, `Reported`, `Preferred`. आपल्या कामाचे मधले दोन. `Reported` म्हणजे मॉनिटरनं सांगितलेली क्षमता. `Verified` म्हणजे ट्रेनिंगमध्ये प्रत्यक्ष टिकलेली. `Current` वर जाऊ नये, कारण चालू रिझोल्यूशनला कमी वेग पुरत असेल तर ड्रायव्हर मुद्दाम खालचा वेग वापरतो आणि उगाच घाबरायला होतं. प्रत्येक शब्दापुढं पहिला आकडा जोड्यांचा, दुसरा वेगाचा. वेग सोळाच्या गणतीत लिहिलेला असतो: `0x14` म्हणजे 20, त्याला 0.27 नं गुणलं की 5.4. `0x1e` म्हणजे 30, गुणाकार 8.1. `0xa` म्हणजे 10, गुणाकार 2.7.

पाच मीटरच्या केबलवर, जशी परिस्थिती सापडली तशीच, पहिली नोंद आली: `Reported:  4  0x14` आणि `Verified:  4  0x14`. मॉनिटर स्वतःच 5.4 सांगत होता. जे मागितलंच नाही ते मिळणार कुठून? मॉनिटरचा मेनू उघडला. डिस्प्लेपोर्ट 1.2. आतेभाऊ म्हणाला, "मी 1.4 केलं होतं, खरंच." केलं होतं, पण नंतर रिसेट मारला, आणि कारखान्यातून येतानाची मूळ सेटिंग 1.2 चीच होती. जुन्या कार्डांवर चित्र तरी नक्की यावं म्हणून बरेच मॉनिटर अशी सुरक्षित सुरुवात ठेवतात.

मेनूत 1.4 केलं. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली. पुन्हा तीच आज्ञा. आता `Reported:  4  0x1e`. मॉनिटर 8.1 सांगायला लागला. पण `Verified:  4  0x14`. म्हणजे 8.1 नं प्रयत्न झाला, टिकला नाही, कार्ड 5.4 वर उतरलं. सांगितलेलं वर, टिकलेलं खाली. मॉनिटर आणि कार्ड दोघंही 8.1 चे असताना असं दिसलं तर पहिला संशय मधल्या केबलवर घ्यावा.

मग कॉम्प्युटर कोपऱ्यातून ओढून टेबलाशेजारी आणला आणि माझी दीड मीटरची केबल जोडली. `Reported:  4  0x1e`, `Verified:  4  0x1e`. दोन्ही आकडे जुळले.

मुद्दाम चौथी नोंदही घेतली, कारण तिच्यातच त्याच्या गोंधळाचं उत्तर होतं. चांगली केबल तशीच ठेवून मेनू परत 1.2 वर नेला. दोन्ही `0x14`. मित्राच्या केबलनं त्यानं केलेली चाचणी हुबेहूब हीच होती. केबल चांगली होती, पण मॉनिटर मागतच नव्हता. त्यानं केबलला निर्दोष ठरवलं. पुढं मेनू 1.4 केला तेव्हा पाच मीटरची केबल परत लागलेली होती. मॉनिटर मागत होता, पण केबल पेलत नव्हती. त्यानं मेनूही निर्दोष ठरवला. दोन्ही वेळा एकच गोष्ट बदलली, दोन्ही वेळा 165, आणि उरला बिचारा पॅनेल.

मामा, म्हणजे आत्याचे यजमान, दारात उभे राहून हे सगळं बघत होते. त्यांचं शेत आहे. ते म्हणाले, "म्हंजे एकाच पायपाला दोन कॉक, आनि दोन्ही निम्मे बंद. एक खोलला तर पानी वाढंल कसं?" इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, ही आम्हा दुरुस्तीवाल्यांची जुनी शिस्त, आणि ती एरवी बरोबरच आहे. पण अडथळे एकामागोमाग एक असतील आणि दोघांची मर्यादा सारखीच असेल, तर ती शिस्त फसवते. कोणताही एक काढला तरी मोजमाप हलत नाही. अशा वेळी उलट जावं. आधी सगळं एकदम चांगलं करायचं: आखूड खात्रीची केबल, मेनूत वरची आवृत्ती, कार्डाचा थेट डिस्प्लेपोर्ट, मध्ये कोणताही जोड किंवा कन्व्हर्टर नाही. 180 दिसलं की मग एकेक जुनी गोष्ट परत आणायची आणि कोणती आणल्यावर आकडा पडतो ते बघायचं. ज्यांच्याकडे एएमडीचं कार्ड नाही त्यांना ती लिनक्सची फाइल मिळणार नाही, पण ही रीत कोणत्याही कार्डावर चालते.

केबलबद्दल आता मोकळेपणानं लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथंच आहेत.

आतेभावाच्या पाच मीटरच्या केबलवर "1.4" आणि "8के" असं छापलेलं होतं. तो मला तेच दाखवत होता. पण डिस्प्लेपोर्टची केबल आवृत्तीच्या आकड्यानं प्रमाणित होत नाही. 1.4 हा पोर्टचा आणि उपकरणाचा आकडा आहे. डिस्प्लेपोर्टची मानकं ठरवणारी संस्था व्हेसा केबल तपासते ती वेगासाठी, आणि 8.1 गिगाबिटसाठी तपासलेल्या केबलला DP8K हे प्रमाणपत्र देते. केबलवर कुणी काहीही छापलं म्हणून ती तपासलेली ठरत नाही. एचडीएमआयचंही तसंच: तिथं 18 गिगाबिटला Premium High Speed आणि 48 गिगाबिटला Ultra High Speed अशी नावं आहेत, आणि खऱ्या केबलच्या पाकिटावर स्कॅन करता येईल असं लेबल असतं.

आणि लांबी. 5.4 गिगाबिटला तारेतला संदेश सुमारे 2.7 गिगाहर्ट्झनं हेलकावतो, 8.1 ला सुमारे 4 गिगाहर्ट्झनं. जितकी कंपनं वेगवान तितका प्रवाह तांब्याच्या वरच्या पातळ थरातून वाहतो आणि तितका भोवतालच्या प्लास्टिकमध्ये जिरतो. ही घट लांबीबरोबर वाढत जाते. त्यामुळे जी पाच मीटरची केबल 5.4 ला निर्मळ चालते, तीच 8.1 ला काठावर येते. काठावरची केबलच सगळ्यात जास्त छळते. पूर्ण नापास झाली तर निदान कायम 165 राहतं. एखाद्या सकाळी कनेक्टर जरा बरा बसलेला असतो, ट्रेनिंग कसंबसं पास होतं, यादीत 180 दिसतं, आणि मग खेळताना चुका साठल्या की जोडणी तुटून पुन्हा जुळते. दोन-तीन सेकंदांची काळी स्क्रीन ती हीच. ते एक दिवसाचं 180 हा खरं तर सगळ्यात मोलाचा पुरावा होता. पॅनेल, कार्ड, मेनू, सगळं 180 ला तयार होतं हे त्या दिवशी दिसलं होतं. पण त्यानं तोच मॉनिटर खराब असल्याचा पुरावा मानला. त्याला दोष देत नाही. स्क्रीन काळी झाली की कुणीही स्क्रीनकडेच बघणार.

साध्या तांब्याच्या डिस्प्लेपोर्ट केबलनं 8.1 चालवायचं असेल तर मी दोन मीटरच्या पुढं जात नाही. त्याहून चांगल्या केबली नाहीत असं नाही, पण खात्री देता येत नाही. भिंतीवरून लांब न्यायचीच असेल तर आत काचेचा धागा असलेली ऑप्टिकल डिस्प्लेपोर्ट केबल मिळते. ती महाग पडते आणि तिला दिशा असते: एका टोकावर कार्डाची बाजू, दुसऱ्यावर मॉनिटरची, असं लिहिलेलं असतं. उलटी लावली तर चित्रच येत नाही, आणि पट्टी मारून झाल्यावर ते लक्षात येणं फार वाईट.

आतेभावानं तिसरा मार्ग निवडला. त्या रात्री आम्ही दोघांनी टेबल खिडकीपासून हलवून कपाटाशेजारी आणलं. माझी दीड मीटरची केबल तशीच ठेवली, मेनू 1.4, विंडोज चालू केलं. यादीत 180. निवडलं, आणि Color Depth मध्ये 10 bpc आपोआप उपलब्ध झालं, कारण 180 ला 10 बिटांची गरज सुमारे 22.4 गिगाबिट आणि वाट 25.92 ची. 8 बिटांतही न मावणारं काम आता 10 बिटांत मावत होतं. तासभर गेम चालवला. स्क्रीन एकदाही काळी झाली नाही. मग कॉम्प्युटर पाच वेळा बंद-चालू केला, दोनदा केबल काढून घातली, दरवेळी यादी बघितली. काठावरची जोडणी पहिल्या यशानंतरच फसवते, म्हणून एवढं केल्याशिवाय मी कुणाचंही काम झालं म्हणत नाही. दरवेळी 180.

निघताना त्याच्याकडून एक गोष्ट करून घेतली. मॉनिटरच्या मागे चिकटपट्टी लावून त्यावर पेननं लिहिलं: डीपी 1.4, रिसेट केल्यास परत लावणे. पुढच्या वेळी कुणी रिसेट मारला तर आठ दिवस जाऊ नयेत.

पाच मीटरची केबल त्याला परत पाठवायची होती. मी नको म्हणालो. मामांच्या दुकानात बिलिंगचा कॉम्प्युटर काउंटरखाली आणि स्क्रीन वर, लांब, गिऱ्हाइकाच्या बाजूला. ती स्क्रीन 1920×1080, 60 हर्ट्झची, गरज सुमारे 3.2 गिगाबिट. शनिवारी जाऊन तिथं ती जोडली. पहिल्यांदाच चित्र आलं आणि तेव्हापासून एकदाही गेलेलं नाही.